हिची उशी

कंडक्टरचं नाक पक्कं असतं असं मी उभी हयात सांगत आलो. गाडीत कोण चढलं, कुणाच्या पिशवीत बोंबील, कोण दुपारीच घेऊन बसलंय, हे मला मागं वळून न बघता कळायचं. पण माझ्याच घरात वर्षभर कुबट वास मारत होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता. आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही, हे मला माझ्या लेकीनं दाखवून दिलं, आणि तेही एका वाक्यात.

लेक धाराशिवला दिली आहे. जावई तिथं कॉलेजात क्लार्क आहेत. एकुलती एक लेक आणि पहिलंच बाळंतपण. पहिलं बाळंतपण माहेरीच, ही आमच्याकडची रीत. पण माहेर म्हणजे आता मी एकटा म्हातारा, भूममधल्या दोन खोल्यांत. ही गेली तेव्हापासून घरात बाईमाणूस नाही. ही म्हणजे माझी बायको. आम्ही एकमेकांचं नाव कधी घेतलं नाही, आता कशाला घेऊ?

भादव्यात लेक एका दुपारी आली. पाचवा सरत आला होता. नुसती बघून जाते म्हणाली, पण मला कळलं, ती राहून बघायला आली होती. सासूबाईंनी तिला सांगितलं होतं की आई नाही तिथं कशाला जातेस, आम्ही करतो सगळं. ते त्यांचं चांगुलपणाचं बोलणं, त्याला नाव ठेवणार नाही. पण या घरात लेकीचं बाळंतपण व्हायचं नसेल तर हे घर उघडं ठेवायचं तरी कशासाठी, असं मला झालं होतं.

तर ती आली, जेवली, मी केलेल्या पिठल्याला नावं न ठेवता जेवली. मग म्हणाली, जरा पडते. मी आतल्या खोलीत पेटीतली रजई काढून पलंगावर अंथरली. पलंगावर माझी उशी होतीच, शेजारी हिची. मी बाहेर ओट्यावर पेपर घेऊन बसलो. अर्धा पेपरही झाला नसेल, लेक उठून बाहेर आली. तोंड पांढरं पडलेलं, पदर नाकाला लावलेला. मोरीपाशी जाऊन ओकली. मी पाणी दिलं. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाली, "दादा, रजईला लई वास येतोय." बस, तेवढंच. मग म्हणाली की निघते, संध्याकाळची गाडी मिळंल. मी स्टँडवर जाऊन खिडकीची जागा धरून दिली. कंडक्टर ओळखीचा होता, त्याला सांभाळून न्यायला सांगितलं. गाडी वळणाआड जाईस्तोवर ती खिडकीतून माझ्याकडं बघत होती, आणि मी वेड्यासारखा हात हलवत होतो.

त्या आठवड्यात जावयांचा फोन आला. अगदी अदबीनं बोलले. मामा, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, तिला वास सोसत न्हाय, इथंच करू. रजई मशीनमध्ये टाकून घ्या, इथं लाँड्रीत मोठी मशीन आहे. मी बरं बरं म्हणालो आणि फोन ठेवून भिंतीकडं बघत बसलो. माझी लेक एका रजईपायी माहेरी यायची नाही. असला संताप आला. रजईचा आला, पावसाचा आला, आणि खरं सांगायचं तर हिचाही आला, की ही अशी मधेच कशी काय निघून गेली.

रजई घेऊन उजेडात गेलो तेव्हा डोळे उघडले. आमचा भाग कोरडा, पण यंदा परतीच्या पावसानं मुक्कामच ठोकला होता. स्लॅबमधून मागच्या भिंतीत ओल उतरलेली, आणि त्याच भिंतीला चिकटून लोखंडी पेटी. रजई डोक्याकडच्या कडेला पिवळी झाली होती, मधे हाताला गार लागत होती. नाक लावलं. बंद पडलेल्या धर्मशाळेत शिरावं तसा वास. मी म्हटलं, अरे तिच्या, यात आपण पोटुशा लेकीला झोपवलं.

मशीनचा विचार मी केलाच नाही. रजईला पाणी दाखवायचं नाही, हे हिचं सांगणं मला पाठ होतं. आतला कापूस भिजला की त्याचे गोळे होतात, एका कोपऱ्यात जाऊन बसतात, आणि पोटात पाणी राहिलं की वाळता वाळत नाही, आतून सडतं. एवढं मला ठाऊक होतं. बाकीचं ठाऊक नव्हतं, कारण बाकीचं सगळं ही करायची आणि मी ड्युटीवर असायचो.

मग मी माझ्या अकलेनं सुरू झालो. पहिल्यांदा निखाऱ्यावर ऊद टाकला आणि रजईला धुरी दिली. खोलीभर धूर, शेजारच्या पोरांनी आग लागली का म्हणून विचारलं. रजईला आता उदाचा वास यायला लागला, आणि त्याच्या खालून कुबट वास जशाच्या तसा. मग आश्विनाचं ऊन पडलं. गच्चीवर बाज नेऊन टाकली, तिच्यावर रजई पसरली. दिवसभर कडक ऊन खाल्लं तिनं. संध्याकाळी हात लावला तर तव्यासारखी तापलेली. वास गेलेला. मी खूश. लगेच घट्ट वळकटी केली, सुतळीनं करकचून बांधली आणि डांबरगोळ्या टाकून पेटीत ठेवली.

ही वळकटीची सवय आम्हा कंडक्टरांची. वस्तीची गाडी घेऊन सोनारीला मुक्काम केला की अंथरूण आपलंच न्यायचं, आणि उठल्या उठल्या अंग गरम असतानाच ते गुंडाळून बांधायचं, कारण पहिली गाडी कुणासाठी थांबत नाही. आयुष्यभर तसंच केलं. तसंच मी रजईचं केलं. आणि आठवड्यानं पेटी उघडली तर आधीपेक्षा दुप्पट वास. ऊद, डांबरगोळ्या आणि कुबटपणा, तिन्ही एकदम. मी तिथंच खाली बसलो. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, खोटं कशाला बोलू.

शेवटी शेजारच्या भाभीला हाक मारली. भाभीचं सासर पिंजाऱ्यांचं, हिची जुनी मैत्रीण. तिचे घरवाले कधीच वारले, मुलं पुण्याला. तीही एकटीच, पण तिच्या घरात गेलं की एकटेपणा दिसत नाही, बाईमाणूस म्हणजे तेवढं असतंच. तिनं रजई हुंगली आणि मला असं काही झापलं की मी गाडी तपासणाऱ्या साहेबाचंही एवढं ऐकून घेतलं नसेल. गरम कपडा पेटीत कोंडता व्हय, म्हणाली. आत जी थोडी ओल उरलेली असते, ती वाफ होऊन तिथंच फिरते आणि थंड पेटीला लागून परत त्याच कापसात बसते. गार होऊ द्यायचं, मग घडी घालायची, आणि घट्ट तर बांधायचंच न्हाय.  पेटीही भिंतीपासून ओढून विटांवर ठेवा म्हणाली. कडुनिंबाचा पाला टाकायचा तर वाळवून टाका, हिरवा पाला म्हणजे परत ओलच.

दुसऱ्या दिवसापासून मी नीट कामाला लागलो. सकाळी गच्चीवरचं दहिवर वाळलं की रजई वर न्यायची. बाजेवरच टाकायची, खालून वारं लागलं पाहिजे. एक बाजू तापली की उलटायची. उलटण्याआधी हलक्या हातानं काठीनं झोडायची. जोरात नाही, जोरात मारलं तर टाक्याचे धागे तुटतात आणि कापूस सरकतो. धूळ उडायची तिच्यातून, इतकी की मी म्हणायचो ही धूळ भूमची का सोनारीची. ऊन उतरायला लागलं की दहिवर पडायच्या आत खाली आणायची, आणि खोलीत मोकळी टाकून गार होऊ द्यायची. वास अडून बसला होता तिथं खायचा सोडा चाळणीनं भुरभुरला, दुपारभर ठेवला, मग ब्रशनं झाडून काढला.

पिवळ्या कडेचं उन्हानं काही होत नाही. तो घामाचा आणि तेलाचा डाग. कोमट पाण्यात साबण फेसायचा, पंचा बुडवून अगदी पिळून काढायचा आणि वरच्या वर पुसायचं, पाणी आत जाऊ द्यायचं नाही. मग साध्या ओलसर फडक्यानं साबण काढायचा, कोरडा टॉवेल दाबायचा, आणि ती बाजू लगेच उन्हाकडं करायची. दोनचार वेळा केलं तेव्हा हळदीसारखा रंग सायीसारखा झाला. अगदी गेला नाही. जुनं ते जुनंच.

या सगळ्यात मला कशानं रडवलं असेल तर घडीनं. रजईची घडी एकट्याला घालता येत नाही. दोघं लागतात. दोन टोकं याच्या हातात, दोन त्याच्या, झटकायची, चालत चालत जवळ यायचं आणि टोकं एकमेकांच्या हातात द्यायची. सुट्टीच्या दिवशी ही मला गच्चीवर हाक मारायची ती फक्त एवढ्यासाठी, आणि मी कटकट करत जायचो. आता मी दोन टोकं बाजेच्या आडव्या दांड्यांना बांधली आणि दुसऱ्या टोकाला मी उभा राहिलो. झटकली. बाज काही चालत पुढं येईना. मी एकटाच चालत गेलो.

रजई झाली. भाभीनं येऊन हुंगली आणि पास केली. पण खोलीत पाय ठेवल्यावर परत नाक मुरडलं. इकडं तिकडं बघितलं आणि पलंगावरच्या उशीकडं बोट केलं. ही काढा, म्हणाली, सगळा वास हिच्यात हाय.

ती हिची उशी होती. ही गेल्यावर मी ती जागची हलवली नव्हती. डाव्या अंगाला, तिच्या जागी. खोळ पिवळी पडलेली, मधे तपकिरी गोल. ही घरी तेल करायची, माका आणि जास्वंद टाकून उकळायची, घरभर त्याचा वास. ते तेल त्या उशीत मुरलेलं. मी झोपताना त्या उशीकडं तोंड करून झोपायचो. मला तिच्यात हिचा वास येतो, असा माझा समज होता. भाभीला म्हणालो, उशीला हात लावायचा न्हाय. तिनंही आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाली, "भाऊ, लेक पाहिजे का उशी पाहिजे, ते ठरवा."

मला राग आला. काही दिवस मी भाभीच्या दारावरून जाताना मान वळवली नाही. तिनं पाठवलेली भाजी मात्र खाल्ली. रजई स्वच्छ, खोली स्वच्छ, आणि खोलीत तोच वास. आता मलाही यायला लागला होता. रजईचा वास निघून गेल्यामुळं उशीचा उघडा पडला होता.

एका सकाळी मी उशी गच्चीवर नेली. म्हटलं, नुसतं ऊन दाखवू. पण कापूस आत इतका दबून गेला होता की बाहेरून तापला तरी गाभा गारच. मग मी हिच्या शिवणकामाच्या डब्यातली कात्री आणली आणि एका बाजूची शिवण उसवली. तिचे टाके बारीक, एकसारखे. एक एक टाका जपून कापला. आत हात घातला आणि कापूस बाहेर काढला. पिवळा, गाठी गाठी झालेला, काही गाठी तेलानं चिकट. मी मूठभर घेऊन नाकाला लावला, डोळे मिटले.

काही नव्हतं. ओल होती, खवट तेल होतं, जुन्या घामाचा आंबटपणा होता. तो घाम तिचा का माझा हेही सांगता आलं नसतं. माका नव्हता, जास्वंद नव्हतं, ती नव्हती. तिचा वास कधीच निघून गेला होता, कुठल्या दिवशी ते मला कळलंही नव्हतं. त्याच्या जागी ओल येऊन बसली आणि मी रोज त्या ओलीलाच ही समजून झोपत होतो. मी गच्चीवर बसून रडलो. भरदिवसा, शेजारच्या गच्च्यांवर बायका पापड घालत होत्या त्यांच्या देखत. कुणी काही विचारलं नाही. भाभी तेवढी तिच्या गच्चीवरनं बघून खाली गेली.

मग उठलो. बसून कुणाचं भलं झालंय? खोळ गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून भिजवली, डागावर लिंबू चोळलं, खंगाळून उन्हात टाकली. चिकट गाठी वेचून फेकून दिल्या. ते जिवावर आलं, पण त्या परत घालण्यात अर्थ नव्हता. उरलेला कापूस बोटांनी पिंजत बसलो. पिंजाऱ्याची मशीन बाजारात आहे, पण एका उशीसाठी कोण जाणार, आणि मला तो दुसऱ्याच्या हातात द्यायचा नव्हता. पिंजलेला कापूस बाजेवर चादर टाकून तिच्यावर पसरला आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून वरून मच्छरदाणी घातली. संध्याकाळपर्यंत तो फुलला, मूळच्या दुप्पट दिसायला लागला. थोडा नवा कापूस आणून त्यात मिसळला. गार झाल्यावर भरला आणि शिवण घातली. माझे टाके म्हणजे कसले, वाकडे तिकडे. कुणी बघितलं तर हसलं असतं, पण हसायला घरात कुणी नव्हतं.

आधी भाभीच्या दारात जाऊन चुकलो म्हणालो, मग लेकीला फोन केला. सांगितलं, रजई नीट केली, पेटी हलवली, स्लॅबला डांबर मारून घेतलं, आईची उशीसुद्धा उसवून नवी केली. भाभीनं बाळंतपणाचं सगळं कबूल केलंय. तू एकदा येऊन बघ, न्हाय आवडलं तर त्याच गाडीनं परत जा.  तिनं विचारलं, आईची उशी उसवली? मी व्हय म्हणालो.  मला वाटलं, गेलं सगळं. मग म्हणाली, येते.

सातवा लागल्यावर जावई तिला गाडी करून घेऊन आले. चहा घेऊन ते मागच्या मागं परत गेले, राहायचं का नाही ते तिच्यावर सोडून. तिची पिशवी दारातच होती. मी ती आत नेली नाही, बाहेरही ठेवली नाही, तिथंच राहू दिली. ती आतल्या खोलीत गेली. पलंगावर बसली, रजईवरून हात फिरवला. मग हिची उशी उचलली, माझे वाकडे टाके बघितले, आणि तोंड उशीत खुपसलं. मी दारात उभा.  तिनं मान वर केली तेव्हा डोळे भरलेले होते.

म्हणाली, "दादा, नुसत्या उन्हाचा वास येतोय."

मी म्हणालो, "व्हय गं माय. तिचा न्हाय येत. आधीच गेला होता. उसवली तेव्हा कळलं."

तिनं उशी मांडीवर घेतली. मग खाली बघत म्हणाली, "रजईचं काय न्हाय. मागं आले तेव्हा ही उशी घेतली होती जवळ. आईचा वास हुडकला, आलाच न्हाय. तुम्ही तर रोज तिच्याकडं तोंड करून झोपता. मला वाटलं, तुम्हाला येतोय, मलाच येईना झालाय. इथं राहवलं न्हाय मग."

मी म्हणालो, "मलाबी येत नव्हता."

तिनं पदरानं डोळे पुसले, उशी डोक्याखाली घेतली आणि कुशीवर वळली. मी दारातली पिशवी उचलून आत आणून ठेवली. थोड्या वेळानं तिचा डोळा लागला. ऊन उतरून गारवा यायला लागला म्हणून तिच्या अंगावर टाकायला मी पायाशी ठेवलेली रजई उलगडायला घेतली. एकट्याला जमेना, तेव्हा ती अर्धवट झोपेत उठून बसली आणि तिनं दुसरी दोन टोकं धरली.